नाव चुकलं तर थांबा, ओळ विसरली तर पुढे जा

व्याख्यानमाला असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की एखाद्या पतसंस्थेचा पुरस्कार सोहळा, आपल्याकडच्या कार्यक्रमात दोन-तीन मिनिटांचा एक भाग ठरलेला असतो, तो म्हणजे पाहुण्यांचा परिचय. दीपप्रज्वलन झालेलं असतं, प्रास्ताविक आटोपलेलं असतं, शाल-श्रीफळाचं तबक टेबलाच्या कडेला येऊन थांबलेलं असतं आणि निवेदक माइकपाशी येतो. चूक व्हायला सगळ्या कार्यक्रमात याहून सोपी जागा नाही. परिचय हा विशेषनामांनी भरलेला मजकूर असतो. माणसाचं नाव, गावाचं नाव, संस्थेचं, पुस्तकाचं, पुरस्काराचं. प्रास्ताविकात ‘उत्साह’ हा शब्द सुचला नाही तर ‘उमेद’ म्हणून वेळ निभावते. विशेषनामाला असा बदली गडी नसतो.

या दोन-तीन मिनिटांत मुख्यतः दोन अपघात होतात. एक तर पाहुण्यांचं नाव चुकीचं उच्चारलं जातं, नाहीतर पाठ केलेल्या परिचयातली पुढची ओळच डोक्यातून जाते. निवेदकाला दोन्ही वेळी सारखाच घाम फुटतो, त्यामुळे तो दोन्हींवर एकच इलाज करतो. बहुतेक जण नाव चुकलं की तसंच रेटून नेतात आणि ओळ विसरली की थांबून माफी मागतात. माझ्या मते व्हायला हवं ते याच्या बरोबर उलट.

त्यासाठी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: ही चूक कोणाला कळली? नाव चुकलं की ते सर्वांत आधी पाहुण्यांना कळतं. मग त्यांच्या घरच्यांना, पहिल्या रांगेतल्या परिचितांना, संयोजकांना. ती चूक झाकता येत नाही, म्हणून ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. ओळ विसरली हे मात्र निवेदकाशिवाय कोणालाच ठाऊक नसतं. श्रोत्यांच्या हातात त्याचा कागद नसतो. पाहुण्यांच्या शिक्षणानंतर थेट त्यांच्या पुस्तकांचा उल्लेख आला, मधली नोकरीची ओळ गळली, तर ऐकणाऱ्याला काहीच गळाल्यासारखं वाटत नाही. ते गळलं हे आपण सांगितलं तरच कळतं.

आधी नावाचं बघू, कारण दुखावतं ते नावच.

नाव दुरुस्त करायला तीन-चार सेकंद पुरतात. चूक लक्षात आली की वाक्य पूर्ण करायच्या फंदात पडायचं नाही, तिथेच थांबायचं. ‘क्षमस्व’ किंवा ‘माफ करा’ एवढंच म्हणायचं. मग पूर्ण नाव, पहिल्यापासून, किंचित सावकाश, एकदाच. आणि पुढचं वाक्य. ‘आजचे आपले प्रमुख पाहुणे श्री. काले... क्षमस्व, श्री. काळे गेली अनेक वर्षं जलसंधारणाचं काम करत आहेत.’ झालं. सभागृह ते विसरूनही जातं.

पूर्ण नाव पहिल्यापासून का म्हणायचं? फक्त चुकलेलं अक्षर सुधारलं, ‘काले... ळे, ळे’ असं केलं, तर ते नाव श्रोत्यांच्या कानात अखंड असं एकदाही पडत नाही. माणसं बोलताना आपली चूक कशी सुधारतात, याचा विलेम लेव्हेल्ट या डच मानसभाषाशास्त्रज्ञाने बारकाईने अभ्यास केला. त्याचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. लोकांना रंगीत ठिपक्यांच्या आकृत्यांचं तोंडी वर्णन करायला सांगून त्याने त्यांच्या दुरुस्त्या टिपल्या. त्याने दाखवलं की दुरुस्तीचे तीन भाग असतात: बोलणं तोडणं, मध्ये एखादा लहानसा शब्द टाकणं आणि मग दुरुस्त मजकूर मूळ वाक्यात नीट बसेल अशा बेताने बोलणं. हे आपण घरी दिवसभर करत असतो आणि कोणाला खटकत नाही. माइकसमोर आपण मधला लहानसा शब्द उगाच वाढवतो आणि दुरुस्ती तिथे बिघडते.

तो कसा वाढतो, ते कुठल्याही सभागृहात ऐकायला मिळतं. ‘नाव जरा अवघड आहे’, ‘जीभच वळत नाही’, ‘मला लिहूनच असं दिलं होतं.’ पहिल्या दोन वाक्यांत दोष पाहुण्यांच्या नावावर जातो, तिसऱ्यात संयोजकांवर. दक्षिणेकडून किंवा ईशान्येकडून आलेल्या पाहुण्यांनी ‘तुमचं नाव अवघड आहे’ हे आयुष्यभर ऐकलेलं असतं, आणि इथे तेच त्यांना सत्काराच्या व्यासपीठावर ऐकावं लागतं. नावावर केलेला विनोद तर मूळ चुकीपेक्षा वाईट. हॉल हसतो, पाहुणेही हसल्यासारखं करतात, आणि पुढचा अर्धा तास ते अवघडून बसतात.

कधी कधी आपलं चुकलंय हे आपल्याला कळतच नाही. त्याच्या खुणा ठरलेल्या असतात. पाहुणे मान किंचित हलवतात, पहिल्या रांगेत दोघं एकमेकांकडे बघतात, संयोजक चिठ्ठी घेऊन येतात. चिठ्ठी आली की ती आधी मनात वाचायची, बोलता बोलता वाचायची नाही. पाहुण्यांनी बसल्या जागेवरून ‘काळे, काळे’ असं सांगितलं तर ‘काळे. आभारी आहे, सर’ एवढं पुरे. आणि पाहुणे भाषणाला उभे राहिल्यावर चूक कळली, तर त्यांचं भाषण तोडायचं नाही. पुढच्या वेळी माइक हाती येईल तेव्हा एका वाक्यात क्षमस्व म्हणून पूर्ण नाव बरोबर घ्यायचं. आभार मानणाऱ्याला मात्र लगेच गाठून योग्य उच्चार सांगायचा, नाहीतर तीच चूक कार्यक्रमाच्या शेवटी पुन्हा होते.

न दुरुस्त केलेल्या नावाचं काय होतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण २ मार्च २०१४च्या ऑस्कर सोहळ्यातलं आहे. ‘फ्रोझन’ या चित्रपटातलं ‘लेट इट गो’ हे गाणं गायिका इडिना मेंझेल सादर करणार होती आणि अभिनेता जॉन ट्रॅव्होल्टा तिची ओळख करून देत होता. ओळख छान चालली होती. शेवटी नाव घ्यायची वेळ आली आणि त्याच्या तोंडून आलं ‘अडेल दझीम’. तो थांबला नाही. गाणं सुरू झालं, गायिका उत्तम गायली, गाण्याला त्या रात्री ऑस्करही मिळालं. पण ती ओळख आजही लोकांना आठवते ती त्या नसलेल्या नावामुळे. पुढच्या वर्षीच्या सोहळ्यात दोघं एकत्र व्यासपीठावर आली, मेंझेलने मुद्दाम त्याचं नाव चुकीचं घेतलं आणि प्रकरण हसतखेळत मिटलं. म्हणजे जी दुरुस्ती चार सेकंदांत झाली असती तिला एक वर्ष लागलं.

यातला खरा धडा मात्र चूक कशी झाली त्यात आहे. ट्रॅव्होल्टाने नंतर सांगितलं ते असं की समोरच्या पडद्यावर ते नाव नेहमीच्या स्पेलिंगमध्ये नव्हतं, उच्चाराप्रमाणे फोड करून लिहिलेलं होतं. मदत म्हणून केलेली फोडच आयत्या वेळी आडवी आली. उच्चाराची फोड उपयोगी पडते, पण ती वाचणाऱ्याने स्वतः लिहिलेली असावी आणि सराव त्याच कागदावर झालेला असावा. दुसऱ्याच्या अक्षरातलं, आधी न पाहिलेलं नाव माइकसमोर प्रथम वाचणं हा धोका कोणीही पत्करू नये.

आपल्याकडे तर हा धोका दुप्पट आहे, कारण पाहुण्यांची माहिती बहुधा इंग्रजीत येते. ईमेलमधून आलेला बायोडेटा रोमन लिपीत असतो आणि निवेदक तो मनातल्या मनात देवनागरीत आणतो. रोमन लिपीत ळ नाही, ण नाही, ट आणि त यांत फरक नाही, र्‍हस्वदीर्घाचा पत्ता नाही. त्यामुळे काळे की काले, डांगे की दांगे, साठे की साथे, हे नुसत्या स्पेलिंगवरून ठरत नाही. मराठी आडनाव असेल तर सवयीने भागतं. पाहुणे बाहेरचे असले की सवय उलटते. तमिळ आणि मल्याळी नावांत ‘टी-एच’ ही अक्षरं पुष्कळदा साध्या त साठी लिहितात, म्हणून चेन्नईच्या लता आणि गीता कागदावर लथा आणि गीथा दिसतात. तिथलीच ‘झेड-एच’ ही जोडी झ साठी नसते, ती मराठी कानाला ळ च्या जवळची वाटणारी ध्वनी दाखवते. म्हणूनच कनिमोळी हे नाव कागदावर ‘कनिमोझी’ असं दिसतं. गोव्यातली गावं घ्या. रोमन अक्षरांत ‘सँग्वेम’ वाटणारं गाव म्हणजे सांगे, आणि ‘क्वेपेम’ म्हणजे केपे. पाहुण्यांचा जन्म केप्याचा असेल आणि आपण क्वेपेम म्हणालो, तर त्यांच्या गावाची ओळख आपणच पुसली.

देवनागरी सारखी असली तरी प्रश्न संपत नाही. ज्ञ चा उच्चार आपण ‘द्न्य’ करतो, हिंदीभाषक ‘ग्य’ करतात. आपली अमृता ‘अम्रुता’ असते, भोपाळची ‘अम्रिता’. यात कोण बरोबर, हा वाद व्यासपीठावर घालायचा नसतो. नाव ज्याचं, उच्चार त्याचा. भोपाळचे पाहुणे स्वतःला ग्यानेंद्र म्हणवत असतील तर परिचय देताना आपणही तसंच म्हणायचं.

ओळ विसरण्याचं शास्त्र वेगळं आहे. पाठ केलेला मजकूर ओळीने लक्षात राहतो, प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला हाताला धरून आणतं. मध्येच टाळ्या पडल्या, कोणी उशिरा येऊन पुढे बसलं, माइक खरखरला, की तो हात सुटतो. म्हणून विसरणं बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणी होतं: टाळ्यांनंतर, आणि विषय बदलतो त्या सांध्यावर, म्हणजे शिक्षण संपून नोकरी सुरू होते तिथे किंवा कामाचा तपशील संपून पुरस्कार सुरू होतात तिथे. सांध्यावर काय यायचं आहे एवढं जरी कागदावर असलं तरी बाकीचं आठवतं.

ओळ गेली की पहिलं काम, तोंड बंद ठेवणं. दोन-तीन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते. ऐकणाऱ्याला तो विराम वाटतो, आणि परिचयात विराम शोभतो. त्या वेळात छताकडे बघायचं नाही, पाहुण्यांकडे बघायचं. श्रोत्यांची नजर आपल्या नजरेमागे जाते आणि आपण कागदावर एक दृष्टिक्षेप टाकून घेतो. ‘अं...’, ‘काय बरं’, ‘मी कुठे होतो’ या शब्दांनीच ती शांतता चूक ठरते.

एवढ्यातही आठवलं नाही तर परतीची ओळ. अनुभवी निवेदक असं एक वाक्य जवळ ठेवतात, जे परिचयात कुठेही बसतं आणि जे विसरणं शक्य नसतं. त्यात दोन गोष्टी असतात, पाहुण्यांचं नाव आणि आजचं निमित्त. ‘अशा काळे सरांना आज आपण पाणी या विषयावर ऐकणार आहोत.’ हे वाक्य म्हणताना पुढचा मुद्दा सापडला तर तो घ्यायचा, नाही सापडला तर याच वाक्यावर परिचय संपवायचा. परिचय थोडा आखूड झाला म्हणून आजवर कोणी तक्रार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. मागे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करू नये, त्याने चूक सगळ्या सभागृहाला कळते आणि बहुधा त्याच ठिकाणी पुन्हा अडतं. आणि रिकामी जागा भरायला अंदाजाने काही बोलू नये. ‘अनेक आंतरराष्ट्रीय पुरस्कारांनी सन्मानित’ असं तोंडाला आलं म्हणून म्हटलं आणि पाहुण्यांना एकही तसा पुरस्कार नसला, तर त्यांना भाषणाची सुरुवात आपली चूक सुधारण्यापासून करावी लागते. गळलेली गोष्ट खरोखर मोठी असेल, म्हणजे पद्म पुरस्कार किंवा ज्या पुस्तकासाठी सत्कार आहे तेच पुस्तक, तर ती आठवेल तेव्हा सरळ सांगावी: ‘एक महत्त्वाचा उल्लेख राहिला.’ इथे लपवण्यासारखं काही नाही.

नावच पूर्ण विसरलं तर? हा अपघात दोन्हींच्या मधला आहे. शब्द ओठांवर आहे पण बाहेर येत नाही, या अवस्थेवर रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी १९६६ साली हार्वर्डमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अशा वेळी माणसाला बऱ्याचदा शब्दाचं पहिलं अक्षर आठवतं, तो साधारण किती लांब आहे हेही सांगता येतं, त्याच्यासारखा वाजणारा दुसरा शब्द सुचतो, पण नेमका तोच शब्द येत नाही. नावांच्या बाबतीत हे सर्वांनाच अनुभवाचं आहे, आणि सुचलेलं दुसरं नाव जागा अडवून बसतं हेही. म्हणून आठवण्याची झटापट माइकसमोर करू नये. खाली बघावं आणि वाचावं. पाहुण्यांचं नाव कितीही पाठ असलं तरी ते कागदावर असलंच पाहिजे. कार्डं वापरत असाल तर प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर तेच नाव, ठसठशीत अक्षरांत, आणि कोपऱ्यात कार्डाचा क्रमांक. कार्डं खाली पडली तरी क्रम लावता येतो.

हे सगळं एकत्र कसं चालतं, ते एका परिचयावर बघू. समजा, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची व्याख्यानमाला आहे. पाहुण्या चेन्नईच्या शास्त्रज्ञ, पहिलं नाव लता. संयोजकांनी ईमेलवरून उतरवून ते ‘लथा’ असं दिलं. निवेदिका सुरू करते: ‘आजच्या आपल्या पाहुण्या डॉ. लथा...’ बाई किंचित हसून मान हलवतात. निवेदिकेला ते दिसतं, पण नेमकं काय चुकलं ते कळत नाही. इथे अंदाजाने दुसरा उच्चार करून पाहणं म्हणजे दुसऱ्यांदा चुकण्याची तयारी. ती माइक बाजूला धरते, दोन पावलं बाईंकडे जाते, हळूच विचारते, ‘मॅडम, आपलं नाव कसं म्हणू?’ उत्तर ऐकते, ते एकदा त्यांच्यासमोर म्हणून बघते, आणि परत येते. ‘क्षमस्व. आपल्या पाहुण्या, डॉ. लता.’ पुढे आडनावासकट पूर्ण परिचय. या गडबडीत तिची तिसरी ओळ, बाईंच्या संशोधन संस्थेची, हातची जाते. ती थांबते, बाईंकडे बघते, कार्डावर बघते. कार्डावर फक्त ‘समुद्र–मासे–कोळी’ असे तीन शब्द आहेत. तिला संस्थेचं नाव आठवत नाही, पण काम आठवतं. ‘समुद्राचं पाणी तापलं की मासे कुठे जातात आणि त्यामागे कोळ्यांना किती लांब जावं लागतं, याचा डॉ. लता अभ्यास करतात.’ संस्थेचं नाव आलंच नाही. ते बाईंच्या भाषणात येईल. परिचयात एकूण वेळ वाढला तो फार तर पंधरा सेकंद. आणि बरोबर उच्चारलेलं नाव दुसऱ्यांदा, सहज, वाक्याच्या ओघात आलं, त्यामुळे पहिली चूक पुसली गेली.

या नियमाला एक मर्यादा आहे, ती ध्यानात ठेवायला हवी. विसरलेली ओळ झाकली जाते ती श्रोत्यांना माहीत नसते म्हणून. परिचयात पाहुण्यांचीच कविता, एखादा अभंग, एखादं प्रसिद्ध वचन घेतलं असेल तर तो मजकूर सभागृहाला पाठ असतो, आणि पाहुण्यांना तर असतोच. तिथे गाळून पुढे जाणं उघडं पडतं. १० डिसेंबर २०१६ रोजी स्टॉकहोमला नोबेल समारंभात बॉब डिलन स्वतः आले नव्हते, त्यांचं एक दीर्घ गाणं पॅटी स्मिथ गात होत्या. दुसऱ्या कडव्यात शब्द हरवले. त्या थांबल्या, क्षमा मागितली, मन दडपून गेलं आहे असं मोकळेपणाने सांगितलं आणि वादकांना ते पुन्हा घ्यायची विनंती केली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि गाणं पूर्ण झालं. ज्या गाण्यासाठी सगळे जमले होते त्यातला शब्द वगळणं तिथे शक्यच नव्हतं. परिचयातही दुसऱ्याच्या ओळी घ्यायच्या तर कागदावर बघून वाचाव्यात. त्यात कमीपणा नाही. पाठ म्हणण्याच्या हौसेपायी कवीच्या तोंडावर त्याचीच ओळ मोडणं मात्र त्याचा अपमान करणारं आहे.

निवेदकावर सगळं टाकून चालणार नाही, अर्धी चूक संयोजकांकडे कार्यक्रमाच्या आधीच झालेली असते. परिचयाचा कागद बहुधा पाहुणे व्यासपीठावर बसल्यानंतर निवेदकाच्या हातात पडतो. तो आदल्या दिवशी द्या, आणि देवनागरीत द्या. कार्यक्रमपत्रिका छापायला टाकण्याआधी पाहुण्यांना एक विनंती करा: ‘आपलं नाव आणि गाव आपल्याच आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल का?’ पाच सेकंदांची ती ध्वनिफीत निवेदकाकडे, आभार मानणाऱ्याकडे आणि मानपत्र वाचणाऱ्याकडे पाठवा. असं विचारलं म्हणून कुठलाही पाहुणा रागावत नाही.